तालमीतलं वाक्य दर वेळी थोडं गळू द्या

प्रश्न: नव्या घरी सामान हलवण्याच्या दिवशी एक मुलगा शेजाऱ्यांशी काय बोलायचं याची तालीम करत असतो, अशी लघुकथा लिहितोय. तेच वाक्य परत परत येतं आणि कथा कंटाळवाणी होते. काय करू?

उत्तर: तालीम तीनदा पुरे, आणि दर वेळी वाक्यातलं काहीतरी गळायला हवं. ते जसंच्या तसं परत आलं की वाचक पुढे सरकतो.

समजा मुलाचं वाक्य आहे, ‘नमस्कार काकू, मी निखिल, आम्ही आजपासून वरच्या मजल्यावर राहायला आलोय.’ पहिल्यांदा ते रिकाम्या खोलीत पूर्ण येऊ द्या. पडदे, गाद्या आत आलेल्या नसल्यामुळे आवाज घुमतो आणि निखिलला आपण मोठ्या माणसासारखे बोलतोय असं वाटतं. दुसऱ्यांदा त्याच खोलीत गाद्यांची चळत येऊन पडली आहे. घुमणं गेलं, आवाज एवढासा झाला. आता तो ‘आजपासून’ गाळतो, कारण नवखेपणा आपणहून कशाला सांगा! तिसऱ्यांदा तो जिन्यात आहे, हातात भांड्यांचं खोकं, ओठ नुसते हलताहेत: ‘काकू, मी निखिल.’ धीर सुटत चाललाय हे एवढ्यावरून कळतं. ‘छातीत धडधडू लागलं’ लिहाल तर एवढी मेहनत पाण्यात.

खरी भेट तालमीसारखी होता कामा नये, आणि आधी शेजारणीने बोलावं, तेही स्वतःच्या अडचणीमुळे. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलंय, काकूंना खाली जायचंय. दार उघडून त्या म्हणतात, ‘अरे, खण काढा आधी, मग उभं करून फिरवा.’ पहिला खण निखिलच्या हातात येतो. तो छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहतो. नमस्काराला हातच मोकळे नाहीत. काकू विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ तो म्हणतो, ‘वरच्यांचा.’ अख्खं वाक्य त्या एका शब्दात आलं. कथा इथे थांबवा.

जमलंय का हे तपासायचं तर तिन्ही तालमींची अदलाबदल करून वाचा. फरक पडला नाही तर तुम्ही एकच प्रसंग तीनदा लिहिलाय. तालमी कथेच्या निम्म्याहून जास्त जागा खात असतील तर भेट घाईत उरकली जाते, तेही बघा.

आणि कृपा करून आईला मध्ये आणून ‘मनापासून बोल, सगळं नीट होईल’ म्हणायला लावू नका. मुलांच्या कथेत कुणीतरी शहाणपण सांगितलंच पाहिजे म्हणणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे. आईने सल्ला दिला की निखिलने केलेली काटछाट तिच्या खात्यावर जमा होते. तिला कपाटाचं दुसरं टोक धरू द्या, त्या दिवशी तिला तेवढीच फुरसत असते.

हे सगळं स्वतः वाचणाऱ्यांसाठी. अगदी लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची कथा असेल तर वाक्य तसंच ठेवा; त्यांना ते आपल्याबरोबर म्हणायचं असतं.