बँकेत भरलेल्या 11.80 लाखांची नोटीस : उत्तर असं लिहा

प्रश्न : वकीलसाहेब, आमचं गाव निपाणीजवळ. 2022-23 ला मी खात्यात 11,80,000 कॅश भरली. त्यात तंबाखूचे 6,80,000, घरासाठी आधी काढलेले पण न लागलेले 4,00,000 आणि आईचे साठवलेले एक लाख. रिटर्न कधी भरलं नाही. आता इन्कम टॅक्सची 148ए ची नोटीस आलीय. सगळं शेतीचंच म्हणून एका ओळीत लिहून देऊ का?

उत्तर : नको दादा, तसं अजिबात लिहू नका. सेव्हिंग खात्यात वर्षात दहा लाख किंवा जास्त कॅश भरली की बँक ते कळवतेच, आणि एवढ्या रानात एवढी तंबाखू पिकते का हा पुढचा प्रश्न येतो, तिथं तुम्ही अडकणार. खुलासा पटला नाही तर सरचार्ज, सेस धरून 78 टक्के टॅक्स बसू शकतो. तीन पैशांचे तीन मुद्दे करा.

1. तंबाखू. खरेदीदारांच्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावा, पट्टीची तारीख आणि बँकेत भरल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. उताऱ्याचा म्हणजे आरटीसीचा 12 नंबरचा कॉलम आधी बघा, त्या वर्षी तिथं तंबाखूऐवजी ऊस लागला असेल तर पट्ट्या खऱ्या असूनही शंका येते, मग तलाठ्याकडून पिकाचा दाखला घ्या. उतारा वडिलांच्या नावावर असेल तर शेती कोण कसतं आणि पैसे तुमच्या खात्यात का आले, याचं वडिलांचं अ‍ॅफिडेव्हिट जोडा. आणि एकाच व्यापाऱ्याकडून एका दिवसात किंवा एकाच सौद्यात दोन लाख वा त्यावर रोख घेतली असेल तर इन्कम टॅक्सचं 269एसटी कलम लागतं, दंड तेवढ्याच रकमेचा. तुकडे पाडून तारखा बदलू नका, व्यापाऱ्याच्या वहीशी ताळमेळ बसणार नाही. अशी पट्टी असेल तर उत्तर पाठवायच्या आधी मला दाखवा.

2. काढून परत भरलेले चार लाख. कुठल्या तारखेला काढले, कुठल्या तारखेला भरले, मध्ये घराचं काम का थांबलं, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. मधलं अंतर जितकं जास्त तितकं कारण ठोस लागतं.

3. आईचे एक लाख. याला कागद नसतो, त्यामुळे आईचं अ‍ॅफिडेव्हिट द्या आणि तिची मिळकत कशाची ते खरं सांगा. हा लाख तंबाखूत मिसळला तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासपण जातो.

सोबत जोडायचे कागद :
क) 2022-23 चं आणि पैसे आधीच्या वर्षी काढले असतील तर त्याही वर्षाचं बँक स्टेटमेंट
ख) आरटीसी, लागलाच तर पीक दाखला
ग) तंबाखूच्या पट्ट्या
घ) दोन्ही अ‍ॅफिडेव्हिट

आरटीसी कन्नडमध्ये, पट्ट्या बहुतेक मराठीत, म्हणून प्रत्येकाला इंग्रजी भाषांतर लावा, फाईल बघणारा अधिकारी कुठला असेल सांगता येत नाही. उत्तर पोर्टलवर e-Proceedings मध्ये नोटिशीतल्या तारखेच्या आत अपलोड करा. कागद जमले नसतील तर तारीख उलटायच्या आधी तिथूनच मुदतवाढ मागा, आणि सबमिट केल्यावर येणारी पावती डाउनलोड करून ठेवा.