बॅडमिंटन कोर्ट आखताना माप रेघेच्या कुठल्या कडेला धरायचं?

> "हॉलमध्ये एक कोर्ट आखायचंय, एकेरी-दुहेरी दोन्हीसाठी. आकृतीत १३.४० बाय ६.१० लिहिलंय, पण हे माप रेघेच्या आतल्या कडेपर्यंत, बाहेरच्या कडेपर्यंत की मधोमध? रंगारी म्हणतो तुम्ही दोरी मारून द्या, मी तिच्यावर पट्टी ओढतो."

रंगाऱ्याला आधी थांबवा. "दोरीवर पट्टी ओढतो" हे वाक्य मीही ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि नंतर ते फार महागात पडलं. तुमचा प्रश्न वाचला आणि तो हॉल डोळ्यांपुढे आला. मी पंच नाही की बांधकामातला माणूसही नाही. आमच्या मंडळाचं कोर्ट दोनदा आखून घेतलं, दोनदा का ते सांगतो.

थेट उत्तर द्यायचं तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. रेघ ४ सेंटीमीटर रुंद असते आणि ती पूर्णपणे १३.४० आणि ६.१० च्या आत बसते. कारण साधं आहे. शटल रेघेवर पडलं तर ते आत धरतात, म्हणजे रेघ ही ती ज्या भागाची हद्द आखते त्या भागाचीच असते. एवढं कळलं की बाकीच्या रेघांचं पाठांतर करावं लागत नाही. ही रेघ कोणाची, एवढंच विचारायचं.

शॉर्ट सर्व्हिस लाइन सर्व्हिस कोर्टाची, आणि ते कोर्ट जाळीपासून तिच्या पलीकडे. म्हणून जाळीपासूनचे १.९८ मीटर मोजायचे ते रेघेच्या जाळीकडच्या कडेपर्यंत. रेघ स्वतः १.९८ ते २.०२ मध्ये येते. दुहेरीची लांब सर्व्हिस लाइन तिच्या पुढच्या कोर्टाची, म्हणून ७६ सेंटीमीटर हे मागच्या रेघेच्या मागच्या कडेपासून हिच्या मागच्या कडेपर्यंत. दोन रेघांच्या मधली मोकळी जमीन ७२ सेंटीमीटरच उरते. एकेरीची बाजूची रेघ दुहेरीच्या बाहेरच्या कडेपासून ४६ सेंटीमीटरवर सुरू होऊन आत जाते, म्हणून एकेरीचं कोर्ट ५.१८ रुंद. मधली रेघ डाव्या-उजव्या दोन्ही कोर्टांची, म्हणून ती एकटीच मापाच्या मधोमध बसते, दोन्ही बाजूंना २-२ सेंटीमीटर.

आता आमची गंमत. हॉल ज्यांच्या ताब्यात होता त्या कार्यालयाने आम्हाला एक आकृती दिली. झेरॉक्सची झेरॉक्स. रेघा इतक्या जाड झालेल्या की बाणाचं टोक आतल्या कडेला टेकलंय की बाहेरच्या, देवालाही कळलं नसतं. मी विचारायला गेलो तर "आकृती प्रमाणित आहे, तीच वापरा" असं उत्तर मिळालं. परत गेलो तर संबंधित माणूस रजेवर. शिवाय हॉल एकाच दिवसासाठी मोकळा दिलेला. मग मीच ठरवलं की माप दोरीपर्यंत आणि दोरी रेघेच्या मधोमध. रंगाऱ्याने प्रत्येक दोरीच्या दोन्ही अंगांना २-२ सेंटीमीटर सोडून चिकटपट्टी लावली आणि रंग भरला. दिसायला कोर्ट इतकं देखणं झालं की आम्ही फोटो काढले.

काही महिन्यांनी स्पर्धा ठरली. आदल्या संध्याकाळी पंच आले, खिशातून टेप काढला, आडवा धरला आणि म्हणाले, "सहा चौदा." उभा धरला, १३.४४. मग गुडघ्यावर बसून जाळीखालून शॉर्ट सर्व्हिस लाइनपर्यंत मोजलं तर १.९६. दुहेरीचं सर्व्हिस कोर्ट पुढून २ आणि मागून २ असं ४ सेंटीमीटरनं वाढलं होतं, ३.९६ ऐवजी ४ मीटर. अख्ख्या कोर्टात बरोबर जागी होती ती फक्त मधली रेघ, तीही आमच्या हुशारीने नाही. स्पर्धा दुसरीकडे हलवली. कार्यालय म्हणालं, "चार सेंटीमीटरने काय बिघडतं?" आणि लगेच, "तुम्हीच तर उभे होतात."

काय बिघडतं ते सर्व्हिस करणाऱ्याला विचारा. पण खरा ताप दुरुस्तीचा होता. मधली सोडून प्रत्येक रेघ बरोबर २ सेंटीमीटरनं सरकवायची, म्हणजे नवी रेघ अर्धी जुन्या रेघेवर आणि अर्धी कोऱ्या लाकडावर. उरलेली २ सेंटीमीटरची पट्टी घासून काढली तर तिथलं लाकूड फिकं पडलं. आजही दिवे लागले की प्रत्येक रेघेशेजारी जुन्या रेघेचं भूत दिसतं आणि नवा खेळाडू विचारतोच, की खरी रेघ कुठली.

तर आता आखणी. टेप कसा धरायचा वगैरे तुम्हाला येत असेलच, फक्त कापडी किंवा फायबरचा टेप नको, तो ताणला जातो. स्टीलचा घ्या. टोकाची हुक किंचित हलते म्हणून काहीजण १ मीटरच्या खुणेपासून मोजतात. चांगली सवय आहे, पण तो १ मीटर प्रत्येक वेळी वजा करायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या.

भिंतीवरून मोजू नका. हॉलच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतीलच असं नाही. नसतील तर गंमत अशी होते की चारही बाजू बरोब्बर १३.४० आणि ६.१० भरतात, तरी कोर्ट तिरकं असतं. सुरुवात जाळीच्या रेषेपासून करा. खांबांसाठी जमिनीत खोबणी आधीच असतील तर ही रेषा त्यांच्या मधोमधून जाते. खांब एकेरीला असो की दुहेरीला, दुहेरीच्या बाजूच्या रेघेवरच उभे राहतात. या रेषेवर ६.१० मीटर अंतराने दोन बिंदू पक्के करा, त्यांना डावा आणि उजवा म्हणू. डाव्या बिंदूपासून एक टेप ६.७० वर आणि उजव्या बिंदूपासून दुसरा टेप ९.०६१ वर धरा. दोन्ही टेप जिथे एकमेकांना गाठतात तो डावीकडचा मागचा कोपरा. तसंच उलट करून उजवीकडचा, आणि जाळीच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा दोन. तीन माणसं लागतात, गुण्या लागत नाही.

चारही कोपरे मिळाले की पूर्ण कोर्टाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही १४.७२३ यायला हवेत. फरक आला तर अंदाज घ्यायला एक हिशेब देतो. मागची रेघ बाजूला ५ सेंटीमीटर सरकलेली असेल तर दोन कर्णांत साधारण ४ सेंटीमीटरचा फरक दिसतो. २-३ मिलिमीटरच्या फरकासाठी मी जीव काढणार नाही. सेंटीमीटरभर आला तर मात्र जाळीच्या रेषेपासून पुन्हा सुरू करा, कोपरा ढकलून जुळवू नका. एक जुळवला की समोरचा बिघडतो.

मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांवर जाळीपासून खुणा करा, टेप न उचलता एकाच शून्यापासून: १.९८, २.०२, ५.९०, ५.९४, ६.६६, ६.७०. आडव्या अंगाला डाव्या बाहेरच्या कडेपासून ०.०४, ०.४६, ०.५०, ३.०३, ३.०७, ५.६०, ५.६४, ६.०६. शेवटचं माप ६.१० आलंच पाहिजे. तुकड्या-तुकड्याने मोजलंत तर प्रत्येक तुकड्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातात आणि शेवटी सगळे एकत्र भेटतात. प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडांच्या खुणा आहेत हे बघा. आमच्याकडे एकच खूण होती, तिथेच घोळ झाला.

आणि हे माझं सगळ्यात लाडकं: ४ सेंटीमीटर रुंदीची एक लाकडी पट्टी कापून घ्या आणि दोरीची खूण मारल्यावर रेघ ज्या अंगाला भरायची त्या अंगाला पेन्सिलने फुल्या मारत जा. रंगारी फुल्यांवर रंग भरतो, दोरीवर नाही. त्याला नियम समजावत बसावं लागत नाही.

दोन ठिकाणी रंगारी हमखास चुकतो. मधली रेघ तो उत्साहात जाळीपर्यंत नेतो. ती शॉर्ट सर्व्हिस लाइनपासून मागच्या रेघेपर्यंतच असते, पुढचा भाग कोरा. आणि सर्व्हिसच्या दोन्ही आडव्या रेघा तो एकेरीच्या रेघेपाशी थांबवतो. त्या पूर्ण ६.१० रुंदीभर जातात. एकेरीसाठी वेगळी मागची रेघ नसते, सगळ्यात मागची तीच तिची लांब सर्व्हिस लाइन. म्हणून एकेरीचं सर्व्हिस कोर्ट लांब आणि अरुंद, दुहेरीचं आखूड आणि रुंद.

रंग पांढरा किंवा पिवळा. हॉलमध्ये व्हॉलीबॉलच्या पांढऱ्या रेघा आधीच असतील तर पिवळा घ्या. खडूची भुकटी पुसल्याशिवाय चिकटपट्टी लावू नका, ती धरत नाही आणि रंग खालून झिरपतो. पट्टीच्या कडेवर आधी जमिनीचंच पारदर्शक पॉलिश पातळसं फिरवून वाळू दिलंत तर कड सुरीने कापल्यासारखी येते. हे आमच्या दुसऱ्या रंगाऱ्याने शिकवलं. लाकडाचं पॉलिश कुठलं आहे ते बघून आधी कोपऱ्यात छोटा तुकडा करून बघा, तुमच्या जमिनीची हमी मी घेत नाही.

जाळी लावाल तेव्हा खांबांपाशी १.५५ आणि मधोमध १.५२४. काहीजण ताणून ताणून सरळ करतात. मध्ये अडीच सेंटीमीटरचा झोल असायलाच हवा.

रंग भरण्याआधी, फक्त पेन्सिलच्या खुणा असताना, कोणाला तरी कोरा कागद देऊन बाहेरून बाहेर माप घ्यायला सांगा, म्हणजे ज्याने आखलं नाही अशा माणसाला. त्याला आकडे आधी सांगू नका.