टोकनचा चेक देण्याआधी

प्रिय,

एजंटने पाठवलेला फ्लॅट खरेदीच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. तू गोंधळलास यात नवल नाही. त्यात किंमत आहे, टोकन आहे, पण व्यवहार फिसकटला तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून आधीच सांगतो: टोकन कोणत्या कारणाने आणि किती दिवसांत परत येईल हे लिहिल्याशिवाय चेक द्यायचा नाही. ‘मालक सज्जन आहेत’ असं एजंट म्हणतोय. असतीलही. मग सज्जन माणसाला सही करायला हरकत कसली?

नुसतं ‘72 लाख’ लिहू नकोस. पार्किंग त्यात धरलंय, ताबा मिळेपर्यंतची सोसायटीची थकबाकी मालक भरणार, ट्रान्सफर फी कोण देणार, सगळं लिही. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी तुझ्याकडे. रक्कम 50 लाखांच्या वर असल्याने 1 टक्का टीडीएस, म्हणजे 72 हजार, तुला कापून भरायचे आहेत. ते या 72 लाखांतूनच जातील हेही लिही, नाहीतर मालक ऐनवेळी पूर्ण रक्कम हातात मागेल.

टोकन 1 लाख, चेकने. रोख अजिबात नाही. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घेणं कायद्यातही बसत नाही.

आता अटी. मसुद्यात ‘कर्ज मंजूर झाल्यास’ एवढंच आहे. बँकेने मूल्यांकन कमी धरून 40 लाखच दिले, तरी कर्ज मंजूर झालंच ना! अट पूर्ण, आणि तुला लागणाऱ्या 55 लाखांतले उरलेले 15 लाख तू कुठून आणणार? म्हणून असं लिही: ‘किमान 55 लाखांचं कर्ज 30 दिवसांत लेखी मंजूर न झाल्यास टोकन 7 दिवसांत पूर्ण परत.’ मालकाचं स्वतःचं कर्ज बाकी आहे, मूळ कागद त्याच्या बँकेत आहेत. बाकी रकमेचं बँकेचं पत्र आणि सोसायटीची एनओसी, दोन्हींपुढे तारीख घाल आणि टोकन परतीचं तेच वाक्य पुन्हा लिही. पुन्हा पुन्हा लिहावं लागलं तरी चालेल.

प्रस्तावाची मुदत 7 दिवस ठेव, शेवटची तारीख आणि वेळ घालून. तोवर सही आली नाही तर प्रस्ताव आपोआप रद्द. नाहीतर तुझं पत्र दाखवून तो दुसऱ्याकडून जास्त भाव काढेल. चेक सही झाल्यावरच द्यायचा, आधी नाही. फ्लॅट पती-पत्नीच्या नावावर आहे, म्हणजे दोघांच्याही सह्या हव्यात.

एजंट म्हणेल, इतकं ताणलंत तर घर हातचं जाईल. माझं गेलं होतं. कोथरूडचं, पूर्वेला गच्ची असलेलं. मालक परतीचं वाक्य लिहायला तयार नव्हता, मी उठून आलो. घरचे अजून मला संशयी म्हणतात, आणि त्या गच्चीची हळहळ मलाही आहे. पण पैसे ठेवून घेण्याची मुभा ज्याला हवी असते, तोच ते वाक्य टाळतो. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

नवा मसुदा आज रात्रीच पाठव. मी वाचेपर्यंत चेकबुक कपाटात राहू दे.

तुझा,
काका