‘उतारा पाहून घेतो’ या उत्तराच्या मागे जायचं कसं?

प्रश्न: “यवतमाळ-वर्ध्याकडे आमच्या छोट्या कंपनीचं कपाशीचं बियाणं विकतो. शंभरेक शेतकऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले. बहुतेकांनी ‘उतारा पाहून बियाणं घेतो’ असंच लिहिलं. आमच्या वाणाचा उतारा कमी नाही, तरी थैल्या दुकानातच पडून राहतात. मुलाखती घेऊन खरं कारण कसं काढायचं?”

भाऊ, तुमचे फॉर्म खोटे नाहीत. पण ‘बियाणं काय पाहून घेता’ असं विचारलं की चाणाक्ष कास्तकारानं जे म्हणायला पाहिजे तेच माणूस म्हणतो. त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत असतं. अमेरिकेत १९७७ साली छापलेल्या अभ्यासात निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दुकानात पायमोज्यांचे चार अगदी सारखे जोड ओळीनं मांडले होते. लोकांनी जास्त करून उजव्या टोकाचा जोड निवडला, आणि कारण मात्र विणीचं, कापडाचं सांगितलं. जागेमुळे निवडला असं कोणीच म्हटलं नाही.

तुमच्या धंद्यात एक सोय आहे. बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या थैलीची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, खरीप २०२५ ला ती ९०१ रुपये होती, कंपनी कोणतीही असो. म्हणजे छापील किमतीचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो. उरलेल्यातलं खरं काय तेवढं शोधायचं.

मी ‘का’ हा प्रश्न पहिला अर्धा तास विचारतच नाही. आवड विचारत नाही, घडलेली खरेदी विचारतो. शेवटची थैली कोणत्या दिवशी घेतली, सोबत कोण होतं, पैसे रोख दिले की उधारीवर, त्याआधीच्या वर्षी काय टोबलं होतं, आणि हे नाव पहिल्यांदा कुठं कानावर आलं. पावती घरात असेल तर काढायला लावतो. तारीख दिसली की मागचं बरंच आठवतं. सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे बदलाचा: उतारा तर दरवर्षीच हवा असतो, मग नेमकं याच वर्षी वाण का बदललं? जे कारण या प्रश्नापुढे टिकत नाही ते मी वहीत वेगळ्या पानावर टाकतो.

एक मुलाखत सांगतो. कळंब तालुक्यातलं गाव, पाच एकर कपाशी, दहा थैल्या. काका ओसरीत बसले होते. पहिलं उत्तर अर्थात “उतारा”. मी विचारलं, आधीच्या वाणाला एकरी किती आला होता? म्हणाले, “तो बी बराच होता.” मग सोडायचं कधी ठरवलं? “दिवाळीनंतर.” दिवाळीनंतर म्हणजे वेचणीचे दिवस. म्हटलं, तेव्हा वावरात काय चाललं होतं ते सांगा. काका थोडे अडखळले, आणि आतून काकूंचा आवाज आला, “सांगा ना, बाया पयाल्या म्हून!”

पुढची वीस मिनिटं काकूच बोलल्या. वेचणी किलोवर, दहा रुपये किलो. शेजारच्या वावरात बोंड मोठं, पूर्ण उमललेलं. तिथं एका बाईचा दिवसाला चाळीस किलो होत होता. यांच्या वावरात बोंड लहान, वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचायची आणि काटा पंचविसाच्या पुढं जात नव्हता. चारशेच्या जागी अडीचशे रुपये. बायांनी दोन दिवस वेचलं आणि तिसऱ्या दिवशी शेजारी गेल्या. यांचा कापूस झाडावरच राहिला, अवकाळी पाऊस आला, कवडी झाली, व्यापाऱ्यानं भाव पाडला. काकू म्हणाल्या, “उतारा होताच बाप्पा, पण घरात कुठं आला?” काका दुकानात गेले ते बायांनी सांगितलेलं नाव घेऊनच. पावतीवर मात्र नाव काकांचं.

हे कारण मी खरं का धरलं? त्याला दिवस आहे, माणसं आहेत, झालेलं नुकसान आहे, आणि बदल त्याच वर्षी का झाला याचं उत्तर त्यात आहे. तरी एका घरावर विसंबलो नाही. पुढच्या मुलाखतींत मी वेचणीचं नाव स्वतः काढलं नाही. त्यांच्या तोंडून आपसूक येतं का ते पाहिलं. बाराव्या-तेराव्या घरानंतर नवीन काही येईनासं झालं, तिथं थांबलो.

आता अडचणीचं बोलू. सगळ्यात मोठी म्हणजे उधारी. काही घरांत वेचणीचा विषयच निघाला नाही. कृषी केंद्रवाल्यानं दिवाळीपर्यंत उधार दिलं आणि त्यानं पुढं केली ती थैली घेतली, इतकंच. हे कोणी सरळ सांगत नाही, त्यात कमीपणा वाटतो. “उधार घेतलं का?” असं विचाराल तर मान नकारार्थी हलेल. मी विचारतो, “हवी ती थैली मिळाली नाही असं कधी झालं? मग त्या दिवशी काय केलं?” जो तालुक्याला दुसऱ्या दुकानात गेला किंवा जादा पैसे मोजून तीच थैली आणली, त्याला वाणाची ओढ आहे. जो त्याच दुकानातून दुसरी थैली घेऊन परत आला, त्याचा ब्रँड म्हणजे तो दुकानदार. या दोघांची उत्तरं एका ढिगात टाकलीत तर हाती काहीच लागणार नाही. आणि ‘मिळाली नसती तर काय केलं असतं?’ असं विचारू नका. ‘असतं’वाल्या प्रश्नाला सगळेच शूर असतात.

जागा आणि वेळही सांभाळा. कृषी केंद्राच्या बाकावर दुकानदारासमोर घेतलेली मुलाखत मी फाडून टाकतो. कंपनीचा टी-शर्ट घालून गेलात तर लोक तुमच्याकडून फुकट थैल्यांची वाट पाहतील आणि गोड बोलतील. पारावर पाच जणांत विचारलं तर पहिला जे म्हणेल तेच बाकीचे म्हणतात. घरी जा, आणि काकू, वहिनी ऐकू येईल इतक्या अंतरावर असतील असं बघा. मी तर पुढे वेचणाऱ्या बायांशीच वेगळं बोललो, दुपारी धुऱ्यावर डबा खाताना.

वेळ जुलै-ऑगस्टची धरा. खरेदी ताजी असते आणि पीक कसं येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. डिसेंबरमध्ये विचारलं तर ज्याचं पिकलं तो “मले पहिलेच माहीत होतं” म्हणतो आणि ज्याचं बुडालं तो दुकानदाराला शिव्या देतो. दोन्हीतून जूनमधला निर्णय कळत नाही.

एवढं करूनही बारा-पंधरा मुलाखतींतून ‘किती टक्के’ कळत नाही. त्यासाठी पुन्हा फॉर्मच लागेल, पण या वेळी प्रश्न घडलेल्या गोष्टींचे: गेल्या हंगामात वेचणीला बाया किती दिवस उशिरा आल्या, थैली रोख की उधार, वाण बदललं का.

आम्ही ज्या कंपनीसाठी हे केलं तिनं शेतातली पीक पाहणी सप्टेंबरवरून नोव्हेंबरला नेली, वावरात लटकता काटा टांगला आणि दोन वाणांची वेचणी बायांकडूनच मोजून घेतली. तिचा विक्री प्रतिनिधी शेवटपर्यंत कुरकुरत होता, पावतीवर ज्यांचं नाव नाही त्यांना चहा पाजून काय उपयोग म्हणून.