गुणित प्रमाणातलं ‘गुणित’ नेमकं कशाचं?

*“लोहाच्या दोन ऑक्साइडांचं पृथक्करण दिलंय : पहिल्यात लोह ७७.७ टक्के, दुसऱ्यात ६९.९ टक्के. यावरून गुणित प्रमाणाचा नियम स्पष्ट होतो का ते तपासायचंय. माझं उत्तर १.५ आलं. ‘गुणित’ म्हणजे पटीत ना? दुप्पट नाही, तिप्पट नाही, मग नियम लागू होत नाही असं लिहायचं का?”*

नाही, नियम चोख लागू होतो. दोन मूलद्रव्यांची एकाहून जास्त संयुगं होत असतील, तर एकाच्या ठरावीक वजनाशी जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्याच्या वजनांचं गुणोत्तर लहान पूर्णांकांत येतं, असा हा नियम. तुमचं गणितही बरोबर आहे. अडचण फक्त ‘गुणित’ या शब्दाच्या अर्थात आहे, आणि ती येणं अगदी साहजिक आहे. ‘आनंद द्विगुणित झाला’ हे आपण इतक्या वेळा ऐकतो, वाचतो की ‘गुणित’ म्हटलं की एक गोष्ट दुसरीच्या दुप्पट-तिप्पट असणार, असंच मनात येतं.

शब्दाची फोड साधी आहे. गुणित म्हणजे गुणलेलं. प्राथमिक शाळेत गुण्य, गुणक आणि गुणाकार ही तीन नावं आपण पाठ केलेली असतात : गुण्याला गुणकाने गुणलं की गुणाकार मिळतो. नियमाच्या नावातलं ‘गुणित’ हे यातलं तिसरं, म्हणजे गुणून आलेलं. मग गुण्य कोणतं आणि गुणक कोणता, हे विचारायलाच हवं. तुम्ही पहिल्या ऑक्साइडातल्या ऑक्सिजनला गुण्य मानलंत आणि दुसऱ्यातला त्याचा गुणाकार येतो का ते पाहिलंत. नियम तसं म्हणत नाही. गुण्य तिसरंच आहे, आणि ते प्रश्नात दिलेलं नसतं.

तुमच्याच आकड्यांत ते शोधू. उरलेलं सगळं ऑक्सिजन धरलं तर पहिल्यात ते २२.३ टक्के आणि दुसऱ्यात ३०.१ टक्के. आता १ ग्रॅम लोह धरा. पहिल्या ऑक्साइडात त्याच्याशी जोडलेला ऑक्सिजन २२.३ ÷ ७७.७, म्हणजे ०.२८७० ग्रॅम. दुसऱ्यात ३०.१ ÷ ६९.९, म्हणजे ०.४३०६ ग्रॅम. पहिल्या आकड्याचे दोन वाटे करा : प्रत्येकी ०.१४३५. दुसऱ्याचे तीन करा : पुन्हा प्रत्येकी ०.१४३५. हा वाटा म्हणजे तुमचं गुण्य, २ आणि ३ हे गुणक, आणि ०.२८७० व ०.४३०६ ही दोन गुणित प्रमाणं.

दोन्ही आकडे एकाच पाढ्यात येतात, एवढंच नियमाचं म्हणणं आहे. ६ आणि ९ दोन्ही तीनच्या पाढ्यात असतात, पण ९ काही सहाच्या पाढ्यात नसतो. पाढा असण्याचं कारण डाल्टनने अणूंत पाहिलं : ठरावीक लोहाशी जोडले जाणारे ऑक्सिजनचे अणू मोजून असतात, अर्धामुर्धा अणू जोडला जात नाही. म्हणून वजनंही एकेका वाट्याच्या उड्या घेत वाढतात, अधेमधे थांबत नाहीत.

‘पट’ हा शब्द इथे का अपुरा पडतो, ते लोहाच्या तिसऱ्या ऑक्साइडाकडे पाहिलं की आणखी स्पष्ट होतं. मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे Fe₃O₄ मध्ये, लोह ७२.४ टक्के असतं. १ ग्रॅम लोहामागे ऑक्सिजन ०.३८ ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे पहिल्याच्या तुलनेत ४ : ३. तुमच्या १.५ ला मराठीत निदान ‘दीडपट’ म्हणता येतं. सव्वापट आहे, पावणेदोनपट आहे, पण चार तृतीयांशाला आपल्याकडे असा सुटसुटीत शब्दच नाही. तरी नियम तिथेही पाळला जातो. तिन्ही ऑक्साइडं एकत्र मांडली तर ऑक्सिजनचं गुणोत्तर ६ : ८ : ९ येतं.

‘प्रमाण’ या शब्दानेही असाच घोटाळा होतो. ‘ऑक्सिजनचं प्रमाण २२.३ टक्के’ असं आपण बोलतो, आणि मग तेच प्रमाण थेट पडताळायला घेतो. तुमच्या बाबतीत ३०.१ ÷ २२.३ केलं तर १.३५ येतं. हे ४ : ३ च्या इतकं जवळ आहे की ‘नियम पाळला गेला’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. उत्तर होकारार्थी आणि तरीही चूक! टक्केवारी संपूर्ण संयुगाच्या वजनावर मोजलेली असते, आणि ऑक्सिजन वाढला की त्याच शंभरात लोह कमी होतं. नियमातलं प्रमाण मात्र ठरावीक वजनाच्या एका मूलद्रव्यामागे दुसरं किती, हे आहे. ‘ठरावीक’ कोणाला धरायचं याची मोकळीक आहे. १ ग्रॅम ऑक्सिजन धरलात तर लोह ३.४८ आणि २.३२ ग्रॅम येईल, म्हणजे ३ : २. गुणोत्तर उलटतं, निष्कर्ष बदलत नाही.

आता नियमातला सगळ्यात दुर्लक्षित शब्द : ‘लहान’. वजनांचं गुणोत्तर लहान पूर्णांकांत यावं, असं नियम सांगतो. हा शब्द काढला तर नियमात काही उरतच नाही, कारण १.४३ सुद्धा १४३ : १०० असं पूर्णांकांत लिहिता येतं. पण मोजमापात थोडी चूक असतेच, मग कुठपर्यंत सूट द्यायची? तुमच्या पहिल्या ऑक्साइडात लोह ७७.७ ऐवजी ७७.५ भरलं असतं तर उत्तर १.४८ आलं असतं. ते ३ : २ मानायला मला काहीच हरकत वाटत नाही, कारण शेजारची साधी गुणोत्तरं, ७ : ५ आणि ५ : ३, बरीच लांब आहेत. १.४३ आलं असतं तर मात्र मी ते ओढूनताणून ३ : २ मध्ये बसवलं नसतं, कारण त्यासाठी लोहाच्या टक्केवारीत जवळजवळ एका टक्क्याची चूक व्हावी लागते.

आणि असं १.४३ खरोखर येऊ शकतं. तुमच्या प्रश्नातले आकडे FeO आणि Fe₂O₃ या सूत्रांशी तंतोतंत जुळतात. प्रत्यक्षातला FeO, म्हणजे वुस्टाइट, इतका नेटका नसतो. त्याच्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि सूत्र साधारण Fe₀.₉₅O च्या आसपास येतं. लोह ७६.८ टक्के भरतं आणि Fe₂O₃ शी गुणोत्तर १.४३ च्या जवळपास निघतं. अशा वेळी तराजूला दोष देऊ नये. पदार्थाचंच प्रमाण ठरलेलं नाही, मग ते गुणित कुठून असणार? अशा संयुगांना बर्थोलाइड म्हणतात. संयुगांचं प्रमाण बदलू शकतं असं म्हणणाऱ्या बेर्तोलेच्या नावावरून हा शब्द आला, आणि ठरलेल्या प्रमाणाची संयुगं डाल्टनच्या नावाने डाल्टनाइड झाली.

उत्तरपत्रिकेत ‘ऑक्सिजन दीडपट आहे’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा : “लोहाच्या ठरावीक वजनाशी संयोग पावणाऱ्या ऑक्सिजनच्या वजनांचं गुणोत्तर ०.२८७० : ०.४३०६, म्हणजेच २ : ३ आहे. हे लहान पूर्णांकांतलं साधं गुणोत्तर असल्याने दिलेल्या माहितीवरून गुणित प्रमाणाचा नियम स्पष्ट होतो.”