ताईंचे आभार कसे मानू?

प्रश्न : वस्तीतल्या अभ्यासिकेत एका ताईंनी मला शेवटची दोन वर्षं गणित शिकवलं, एक पैसाही न घेता. आता मला डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. आई म्हणते, शिष्यवृत्ती आली की त्यांना भारीतली भेट दे. मला वाटतं, तिथे जाऊन शिकवावं. पण माझा अभ्यास मागे पडला तर?

उत्तर : आईची भावना खरी आहे, तरी महागडी भेट नकोच. ताई संकोचतील, हे एक. दुसरं म्हणजे तुझ्यामागून येणाऱ्या मुलांच्या घरी 'आपणही काहीतरी द्यायला हवं' हा विचार सुरू होतो आणि फुकट शिकवणीला न सांगितलेली फी चिकटते.

त्यापेक्षा एक पत्र लिही. परीक्षा झाली की मुलं पांगतात, त्यामुळे आपलं नेमकं काय उपयोगी पडलं हे अशा शिक्षकांना बहुतेक वेळा कळतच नाही. 'तुमच्यामुळे मी घडले' एवढ्यावर थांबू नकोस. समजा, −3(x − 4) सोडवताना तू दर वेळी −3x − 12 लिहायचीस. ताईंनी चूक दाखवली नाही, x च्या जागी 5 घालायला सांगितलं. मूळ पदावलीचं उत्तर −3 आलं, तुझ्या उत्तराचं −27. मग चिन्ह चुकलंय हे तुझं तुलाच सापडलं आणि +12 झालं. असा प्रसंग तारीखवार आठवत नसला तरी चालेल, पण तुझ्या वहीतला असू दे. जे शेवटपर्यंत डोक्यात शिरलं नाही तेही लिही. पुढच्या वर्षी ताई तो धडा वेगळ्या तऱ्हेने घेतील. पत्र इतरांना दाखवलं तर चालेल का, नाव झाकायचं का, हेही शेवटी स्पष्ट कर. नवे शिक्षक जोडताना अभ्यासिकेला असं पत्र कामी येतं.

आता शिकवण्याचं. पूर्ण वर्ग अंगावर घेऊ नकोस. उत्साहात आठवड्याचे चार दिवस कबूल करायचे आणि सत्राच्या मध्यावर गायब व्हायचं, हे मी अनेकांचं पाहिलंय. अर्धवट सुटलेल्या मुलांना त्याचाच जास्त त्रास होतो. आठवड्यातून ठरलेला एकच तास, फक्त शंकांसाठी, आणि एका सत्रापुरता. तुझ्या परीक्षेच्या काळात येणार नाहीस हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. सुरुवातीला ताईंच्या शेजारी बसून त्या केव्हा गप्प राहतात ते बघ. पेन मुलाच्याच हातात राहायला हवा. तू गणित सोडवून दिलंस की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन तिथेच अडतो.

लागोपाठ दोन आठवडे तास रद्द करावा लागला किंवा तुझी जर्नल्स तुंबली, तर एवढंही जास्त होतंय असं समज. तेव्हा नुसत्या वह्या तपासून दे, ते काम घरी बसून होतं.

पत्र मात्र कॉलेज सुरू होण्याआधीच लिही. एकदा प्रॅक्टिकल्स लागली की राहून जाईल.