वॉर्डनिहाय डेंग्यूचे क्लस्टर खरे की नकाशाचा भास?

प्रश्न: माझ्याकडे मुंबईच्या २४ वॉर्डांची पावसाळ्यातली डेंग्यूची रुग्णसंख्या आहे. नकाशा रंगवला तर काही वॉर्ड एकमेकांना लागून गडद दिसतात. रुग्णसंख्येवर मोरान्स आय काढला, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली. म्हणजे क्लस्टर स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट आहेत असं अहवालात लिहू का?

उत्तर: अजून लिहू नका. तुमची पी-व्हॅल्यू बहुधा बरोबरच असेल, पण ती डेंग्यूबद्दल नसून लोकसंख्येबद्दल असण्याची दाट शक्यता आहे.

मोरान्स आय काय करतो ते आधी पाहू. प्रत्येक वॉर्डाचा आकडा शहराच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते घेतो, त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरी फरकाशी गुणतो, सगळ्या वॉर्डांची बेरीज करतो आणि एकूण चढउताराने भागतो. जास्तवाल्यांना जास्तवाले आणि कमीवाल्यांना कमीवाले शेजारी असतील तर उत्तर धन येतं. शेजाराचा काहीच संबंध नसेल तर अपेक्षित किंमत शून्य नसते, ती −१/(n−१) असते. २४ वॉर्डांसाठी ती −१/२३, म्हणजे सुमारे −०.०४३. पुढे सॉफ्टवेअर तेच २४ आकडे वॉर्डांवर हजारो वेळा उलटसुलट वाटून बघतं आणि तुमच्याइतका मोठा आय किती वेळा आला ते मोजतं. हीच तुमची पी-व्हॅल्यू.

आता ही वाटणी नीट पाहा. तिच्यात गृहीत धरलंय की कोणताही आकडा कोणत्याही वॉर्डात सारख्याच सहजतेने पडू शकतो. मुंबईत हे खरं नाही. २०११ च्या जनगणनेत बी वॉर्डात, म्हणजे डोंगरी परिसरात, साधारण सव्वा लाख लोक होते आणि मालाडच्या पी उत्तरमध्ये नऊ लाखांच्या वर. शिवाय लहान वॉर्ड दक्षिण टोकाला एकत्र आहेत आणि मोठे उपनगरांत एकत्र. डेंग्यू शहरभर अगदी सारखा पसरला असता तरी तुमच्या नकाशावर उपनगरं गडद आणि दक्षिण मुंबई फिकी दिसली असती, आणि मोरान्स आय सिग्निफिकंट आला असता. खात्री करायची असेल तर नुसत्या लोकसंख्येच्या स्तंभावर मोरान्स आय काढा. तोही मोठा आला तर तुमचा पहिला निकाल बाजूला ठेवायलाच हवा.

मग दर काढायचा, दर दहा हजारांमागे इतके रुग्ण. हे बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. समजा शहराचा दर दहा हजारांमागे २ आहे (हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय). बी वॉर्डात २५ रुग्ण अपेक्षित आणि निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. पी उत्तरमध्ये ९ लाखांना १८० अपेक्षित आणि चढउतार सुमारे १३.४. दोन्हीकडे दर २० टक्क्यांनी वाढला तर बी मध्ये ३० रुग्ण होतील, म्हणजे फक्त एक प्रमाण विचलन. ही रोजची गोष्ट आहे. पी उत्तरमध्ये २१६ होतील, म्हणजे २.७ विचलनं, ही दखल घेण्याजोगी आहे. दर दोन्हीकडे अगदी सारखा, पण पुराव्याचं वजन वेगळं. साधा मोरान्स आय दोघांना एकाच तराजूत टाकतो आणि वाटणी करताना बी चा डगमगता दर पी उत्तरच्या जागी ठेवतो.

यावर उपाय म्हणजे आसुन्सांव आणि रेइस या ब्राझीलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये सुचवलेली एम्पिरिकल बेज पद्धत. तिच्यात प्रत्येक वॉर्डाच्या दरातून शहराचा दर वजा करून त्या वॉर्डाच्या लोकसंख्येनुसार अपेक्षित असलेल्या विचलनाने भागतात आणि मग मोरान्स आय काढतात. पायथॉनमध्ये हे तयार आहे:

```python
import geopandas as gpd
from libpysal.weights import Queen
from esda.moran import Moran_Rate, Moran_Local_Rate

g = gpd.read_file("wards.gpkg")
c, p = g["cases"].values, g["pop"].values
w = Queen.from_dataframe(g, use_index=False)
w.transform = "r"
m = Moran_Rate(c, p, w, permutations=9999)
print(m.I, m.EI, m.p_sim)
print(w.islands, w.cardinalities)
```

शेवटची ओळ गाळू नका. हाताने डिजिटाइझ केलेल्या नकाशात दोन वॉर्डांच्या रेषांमध्ये केसभर फट राहिली की प्रोग्रॅम त्यांना शेजारी मानत नाही. `islands` मध्ये एखादा वॉर्ड दिसला किंवा भर शहरातल्या वॉर्डाला एकच शेजारी दिसला तर आधी नकाशा दुरुस्त करा.

शेजारी कोण, हा प्रश्न मुंबईत जरा थांबून विचारावा लागतो. क्वीन पद्धतीत हद्दीचा एक कोपरा टेकला तरी शेजार धरला जातो. मुलुंड-भांडुपकडची हद्द संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यात पश्चिम उपनगरांच्या वॉर्डांना भिडते. कागदावर ते शेजारी, पण मधे जंगल आहे. मी अशा ठिकाणी दोन वेट मॅट्रिक्स, म्हणजे कोण कोणाचा शेजारी याचे दोन तक्ते, करतो, एक हद्दीनुसार आणि एक उद्यानापलीकडचे शेजार तोडून, आणि दोन्हींचे निकाल अहवालात देतो. निष्कर्ष एकीत टिकला आणि दुसरीत गेला, तर ते वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

इथवर येऊन आय सिग्निफिकंट राहिला तरी त्याचा अर्थ एवढाच की शहरभर पाहता सारखे दर शेजारी-शेजारी आहेत. कुठे, ते हा आकडा सांगत नाही. त्यासाठी ॲन्सेलिन यांचा १९९५ चा लोकल मोरान, कोडमधला `Moran_Local_Rate`. तो प्रत्येक वॉर्डाला ‘हाय-हाय’ म्हणजे स्वतः जास्त आणि शेजारीही जास्त, ‘लो-लो’ म्हणजे दोन्ही कमी, असे गट आणि वेगळी पी-व्हॅल्यू देतो. इथे एकदम २४ चाचण्या होतात. ०.०५ ची पातळी ठेवली तर काहीही नसताना सरासरी एखादा वॉर्ड लाल होणारच, म्हणून पातळी कडक करावी लागते. बॉनफेरोनीने ती ०.०५/२४, म्हणजे सुमारे ०.००२ होते.

पण २४ वॉर्डांच्या नकाशात यातही एक अडचण आहे, आणि ती बहुतेक अहवालांत कुणी मांडत नाही. लोकल चाचणीत वॉर्डाचा स्वतःचा आकडा जागेवर ठेवतात आणि उरलेल्या २३ मधून त्याचे शेजारी यादृच्छिक उचलतात. वरळीच्या जी दक्षिणला डी, ई, एफ दक्षिण आणि जी उत्तर असे चार शेजारी. २३ मधून चार निवडायचे ८,८५५ मार्ग आहेत, त्यामुळे पी-व्हॅल्यू हवी तेवढी लहान होऊ शकते. दोनच शेजारी असलेल्या वॉर्डाला मात्र फक्त २५३ मार्ग. म्हणजे त्याची पी-व्हॅल्यू साधारण ०.००४ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि बॉनफेरोनीची रेषा तो कधीच ओलांडणार नाही, तिथे साथ कितीही भडकलेली असो. शेजारी एकच असेल तर तळ १/२३, म्हणजे ०.०४३. दहिसर किंवा कुलाब्यासारख्या टोकाच्या वॉर्डांचा हाच प्रश्न आहे. दहिसरपलीकडे मीरा-भाईंदर आहे, पण ते तुमच्या फाइलमध्ये नाही. त्यामुळे टोकाचा वॉर्ड ‘सिग्निफिकंट नाही’ असा आला की त्याचा अर्थ ‘तिथे काही नाही’ असा घेऊ नका. अशा नकाशावर मी बॉनफेरोनीऐवजी फॉल्स डिस्कव्हरी रेट, म्हणजे लाल ठरलेल्या वॉर्डांत खोट्यांचं प्रमाण मर्यादेत ठेवणारी पद्धत, वापरतो आणि प्रत्येक वॉर्डापुढे शेजाऱ्यांची संख्या लिहितो.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. भाजकातली चूक स्वतःच क्लस्टर बनते. २०११ ची लोकसंख्या घेतली आणि एखाद्या पट्ट्यात त्यानंतर टॉवरमागून टॉवर उभे राहिले, तर त्या सगळ्या वॉर्डांचे दर एकत्र फुगतात. मोरान्स आय ते इमानदारीने पकडतो. नोंदणीचंही तसंच. ज्या भागात खासगी लॅब जास्त आणि त्या पालिकेला नियमित कळवतात, तिथे डेंग्यू ‘जास्त’ दिसतो. पत्ता नसलेले रुग्ण रुग्णालयाच्या पत्त्यावर चढवले असतील तर मोठ्या रुग्णालयांचं परळ विनाकारण गडद होतं. काही वॉर्ड फक्त एलायझाने पक्के झालेले रुग्ण देतात आणि काही रॅपिड टेस्टवाल्यांनाही धरतात असं असेल, तर तुलनाच मोडते. हे काहीही पी-व्हॅल्यूत दिसत नाही.

हे ओळखायला दोन तपासण्या उपयोगी पडतात. पहिली, वॉर्डनिहाय किती चाचण्या झाल्या ते मिळत असेल तर लोकसंख्येमागे चाचण्यांच्या दरावर हाच मोरान काढा. तो डेंग्यूच्याच वॉर्डांत ‘हाय-हाय’ आला तर तुम्ही आजार नव्हे, तपासणी मोजताय. दुसरी, आणि मला अधिक भरवशाची वाटणारी: प्रत्येक वॉर्डाची तुलना त्याच्याच मागच्या चार-पाच वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करा. यंदाच्या शहराच्या एकूण रुग्णांत त्या वॉर्डाचा मागच्या वर्षांतला वाटा लावून अपेक्षित आकडा काढा आणि कोडमध्ये `pop` च्या जागी तो द्या. जुनी लोकसंख्या, कायमची जास्त नोंदणी, हे सगळं वर-खाली दोन्हीकडे असल्याने बरंच कटून जातं. मागच्या वर्षांतलं कोविडचं २०२० आणि २०२१ मात्र वगळा. आणि आठवडे आधी ठरवा. सगळ्यात लाल दिसलेला महिना शोधून त्याचीच चाचणी घेतली तर पी-व्हॅल्यूला अर्थ उरत नाही.

शेवटी प्रमाणाबद्दल. एडिस इजिप्ती डास साधारणपणे जन्मल्या जागेपासून काही शे मीटरच्या आतच फिरतो, आणि चावतो दिवसा, म्हणजे अनेकदा शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी. आपली नोंद मात्र घराच्या पत्त्याची. एका चाळीत किंवा बांधकामाच्या साइटवर पेटलेली साखळी वॉर्डाच्या लाखोंच्या लोकसंख्येत विरघळून जाते. त्यामुळे वॉर्ड पातळीवरचा ‘हाय-हाय’ हा डासांच्या संसर्गसाखळीचा पुरावा नाही. पाणी साठवण्याच्या सवयी, बांधकामं, नोंदणी असं काहीतरी त्या पट्ट्यात सामाईक आहे, इतकाच तो पुरावा आहे. पत्ते मिळत असतील तर २२७ निवडणूक प्रभागांवर उतरा. शेजाऱ्यांची अडचण तिथे बरीच सुटते, पण प्रभागामागे रुग्ण कमी होतात, म्हणून एम्पिरिकल बेज तिथे अधिकच लागेल.

अहवालात मी असं लिहीन: ‘अमुक आठवड्यांत, लोकसंख्येनुसार समायोजित दरांवर मोरान्स आय इतका, अपेक्षित −०.०४३, ९,९९९ वाटण्यांवर पी इतकी. दोन्ही वेट मॅट्रिक्सवर निकाल असे. मागच्या वर्षांच्या तुलनेत हे वॉर्ड टिकले आणि हे गळले.’ टिकलेल्या वॉर्डांची यादी कीटकनाशक विभागाला द्या. गळलेल्यांची नोंदणी आणि लोकसंख्येचे आकडे आधी तपासून घ्या.